पाझर कमी झाला तेव्हा

लग्न ठरण्याआधी दाजी पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा त्यांनी ताईकडे कमी आणि आमच्या भिंतीकडे जास्त पाहिलं. कोपऱ्यात ओल होती. चहाचा कप हातात तसाच धरून त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, "ही ओल कुठून येते?" वडील म्हणाले, पावसाची असेल. "पाऊस संपून किती दिवस झाले," दाजी म्हणाले, आणि कुणी थांबवायच्या आत उठून न्हाणीघर बघायला गेले. आई आतल्या आत धुमसत होती. ओल फुटक्या नळाची निघाली, लग्न झालं, आणि तेव्हापासून मी त्यांना मनातल्या मनात 'कुठून' म्हणायला लागले. पुढे तोंडावरही म्हणू लागले. मेहुणी असण्याचा एवढा तरी फायदा घ्यायला हवा.

माणूस वाईट नाही, पण संशयी किती असावं याला काही माप? दूध दाट आलं तर दूधवाल्याने काय मिसळलं, आणि पातळ आलं तरी काय मिसळलं. शेजाऱ्याने एरवीपेक्षा जरा हसून विचारपूस केली, की संध्याकाळपर्यंत यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकत राहायची. ताईने हात टेकले होते. ती म्हणायची, "मी यांना डब्यात भाजी बदलून दिली तरी हे आधी माझ्या तोंडाकडे बघतात."

मात्र असा स्वभाव ज्या कामाला लागतो, त्याच कामावर नशिबाने ते होते. आमच्या गावाला पाणी देणाऱ्या छोट्या धरणाचे ते अभियंते. मधे दगडी बांधकामाची भिंत आणि दोन्ही बाजूंना टेकड्यांपर्यंत गेलेले मातीचे बांध, असं ते धरण. डाव्या बांधाच्या पायथ्याशी पंपघर आहे, तिथे पंप चालवायचं काम माझं. पंपघराच्या पलीकडे कर्मचाऱ्यांची चार घरं. पहिल्यात चौकीदार, त्याची बायको आणि मुली, आणि शेवटच्यात ताई आणि दाजी. म्हणजे बांधाला काही झालं तर पाणी आधी माझ्याकडे येणार, मग चौकीदाराकडे, आणि मग ताईच्या स्वयंपाकघरात.

मी नोकरीला नवीन होते तेव्हा भिंतीच्या पायथ्याचं पाणी बघून घाबरले होते. धरण गळतंय म्हणून दाजींकडे धावत गेले. ते हसले. हसणं हा त्यांचा रोजचा उद्योग नाही, म्हणून लक्षात आहे.

"मेहुणीबाई, धरण गळतंच," ते म्हणाले. "एवढं पाणी अडवलंय, ते खालच्या खडकाच्या भेगांतून, मातीतून वाट काढणारच. भिंतीखालून पाणी येतं ते वर दाब देतं, भिंतीला खालून उचलायला बघतं. म्हणून आपण त्याला पायथ्याशी नीट वाट ठेवलीय. ते येऊ दे."

ती वाट म्हणजे पायथ्यालगतची खडी भरलेली चर आणि तिच्यातून बाहेर आलेले जाड नळ. सगळं पाणी एका छोट्या हौदात यायचं आणि हौदाच्या तोंडाशी बसवलेल्या पत्र्याच्या तिकोनी खाचेतून खाली पडायचं. खाचेत पाणी किती उंच चढलंय त्यावरून पाझर किती ते कळतं. रोज सकाळी चौकीदार तो आकडा बघायचा आणि दाजींना सांगायचा.

"किती गळतं याच्यापेक्षा काय घेऊन गळतं ते महत्त्वाचं," दाजी म्हणायचे. पाझराचं पाणी ते बाटलीत भरून माझ्या खिडकीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तळ बघायचे. तळाला गाळ नाही म्हणजे पाणी एकटंच आलंय. गाळ बसला म्हणजे ते आतली माती सोबत नेतंय. माझ्या खिडकीत अशा बाटल्या कायम. बाहेरचा माणूस आला की त्याला वाटायचं, मी काहीतरी विकते.

त्या वर्षी तलाव काठोकाठ भरला आणि बरेच दिवस तसाच राहिला. पाणी एवढं चढलं की पाझरही वाढतो, हे आता मलासुद्धा माहीत होतं. आणि एका सकाळी चौकीदार आनंदाने सांगत आला, "साहेब, पाझर कमी झाला."

दाजींनी आकडा विचारला. त्याने सांगितला. आदल्या आठवड्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

"तलावाची पातळी?"

"तशीच आहे. भरलेला."

"मग पाझर कमी कुठून होईल?"

चौकीदाराचं हसू उतरलं. "ते मला काय ठाऊक साहेब. खाचेत दिसलं ते सांगितलं."

दुसऱ्या दिवशी आकडा आणखी खाली आला. मी म्हटलं, चांगलंच झालं की, मिस्त्रींनी भिंतीचे सांधे भरले ना परवा, त्याचा गुण आला असेल. मिस्त्री म्हणजे या धरणाच्या वरच्या दगडकामावर तरुणपणी काम केलेला म्हातारा कारागीर. दाजी नोकरीला लागले तेव्हा दगड कसा वाजवून बघायचा, चुना आणि सिमेंट कसं ओळखायचं, हे त्यांनीच शिकवलं. दाजी त्यांना वाकून नमस्कार करत. वरिष्ठ साहेबांची पाहणी जवळ आली होती, म्हणून दगडी भिंतीच्या बाहेरच्या अंगाचे सांधे भरायला दाजींनी मुद्दाम मिस्त्रींनाच बोलावलं होतं.

"सांधे वर भरलेत," दाजी म्हणाले. "पाणी खालून येतं. त्याचा याच्याशी काय संबंध?"

तिसऱ्या दिवशी ते स्वतः खाचेपाशी गेले. आकडा खरा होता. आता दुसरा कुणी म्हणाला असता, बरं, चौकीदार खरं बोलला. दाजींनी उलटा अर्थ काढला. पाहणी जवळ आलीय, पाझर कमी दिसला की कामाचं कौतुक होणार, तेव्हा याने हौदात येणारं पाणी वरच्या वर कुठेतरी फोडून दिलं असणार. त्यांनी हौदाभोवतीचं गवत उपसलं. चर कुठे खणलीय का ते पाहिलं. काही सापडलं नाही, तेव्हा संशय आणखी पक्का झाला, कारण लपवणारा हुशार आहे असं आता सिद्ध झालं होतं.

चौकीदाराशी त्यांचं तसंही कधी जमलं नव्हतं. पूर्वी एकदा बांधावर गाड्या धुताना माणसं सापडली होती आणि त्याने मी नव्हतोच म्हणून सांगितलं होतं. तो खरंच नव्हता, बायकोला दवाखान्यात घेऊन गेला होता. पण दाजींच्या मनात एकदा खुंटी ठोकली की तिच्यावर ते जन्मभर काही ना काही अडकवत राहतात.

मग ते त्याच्या पाळतीवर राहिले. तो झाडाखाली बसला की हे बांधावरून बघणार. तो हौदाकडे गेला की हे मागून जाणार. चौकीदार त्यांच्याकडे बघेना, ते दोघे एकमेकांकडे बघेनात म्हणून आम्ही सगळेच एकमेकांकडे बघायला लागलो. चौकीदाराच्या बायकोने ताईकडे येणं बंद केलं. ताई मला म्हणाली, "तू तरी बोल त्यांच्याशी." मी बोलले.

"दाजी, तो खोटं बोलतोय याला पुरावा काय?"

"तो खोटं बोलत असेल तर बरं," ते म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा विचारलं.

ते खुर्चीत बसले. चेहरा ओढलेला होता. "तलाव भरलेला आहे. दाब तेवढाच आहे. पाणी येतंय तेवढंच येणार. ते खाचेत दिसत नाही. चौकीदाराने वळवलं असेल तर वळवू दे, त्याला कामावरून काढलं की विषय मिटला. पण त्याने वळवलं नसेल तर ते स्वतःच कुठेतरी वळलंय. मग ते कुठून बाहेर पडतंय?"

तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. आणि राग आला तो त्याहून जास्त. म्हणजे स्वतःची झोप लागावी म्हणून या माणसाला त्या माणसाची नोकरी घ्यायची होती. मी ते तसंच तोंडावर बोलले. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकीदाराला धरणावरून हलवून शहरातल्या भांडारात पाठवायचं ठरवलं. घरही सोडावं लागणार. चौकीदाराने किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर आणून ठेवला, साहेबांच्या हातात द्यायची त्याला इच्छा नव्हती. "ताई, आकडा खरा होता," एवढंच मला म्हणाला.

तो सामान बांधत होता त्याच सकाळी मी पंपघराच्या मागच्या बाजूला गेले. मागे बांधाचा पायथा आणि दगडी भिंतीचं टोक जिथे एकत्र येतं, तिथे थोडी मोकळी वाळूसारखी जमीन आहे. मी तिथे रात्रपाळीवाल्यांनी टाकलेला कचरा गोळा करत होते. चप्पल रुतली. इथे कधी चिखल नसतो. पुढे पाहिलं तर जमिनीत रुपयाएवढं भोक आणि त्यातून पाणी वर येत होतं, मंद आचेवर ठेवल्यासारखं, पण थंड. भोकाभोवती बारीक वाळूचं कडं जमलं होतं, मुंग्यांनी बीळ खणल्यावर जमतं तसं. पाण्याबरोबर वाळूचा कण वर येई, नाचे आणि कड्यावर जाऊन पडे.

मी दाजींना बोलावलं. त्यांनी पाहिलं, आणि पहिला प्रश्न काय केला असेल?

"तुझा पाइप फुटलाय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझा पाइप इथून जातच नाही."

"जात नाही असं तू म्हणतेस. पंप बंद कर."

गावाचं पाणी भरायची वेळ होती. मी पंप बंद केले, झडपा घट्ट केल्या, आणि आम्ही दोघे त्या भोकापाशी उभे राहिलो. लोकांचे फोन यायला लागले. भोकातलं पाणी जसंच्या तसं येत राहिलं. वाळूचं कडं आमच्या डोळ्यांदेखत जरा वाढलं. दाजी भोकापाशी उकिडवे बसले. यावेळी त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही.

"सुरुवात इथूनच होते," ते हळू म्हणाले. "पाणी बाहेर पडतं त्या तोंडापाशी आधी एक कण सुटतो. मग त्याच्या मागचा. पोकळी उलटी मागे मागे जाते, बांधाच्या पोटातून तलावाच्या दिशेने. जेवढी ती मागे जाते तेवढी पाण्याची वाट आखूड होते, आणि वाट आखूड झाली की पाणी आणखी जोरात येतं. एकदा ती तलावाला जाऊन मिळाली की मग आपल्या हातात काही नाही."

मी पाठीमागच्या बांधाकडे पाहिलं. वरून तो हिरवागार, शांत होता. एक शेळी चरत होती.

ते फोनवर वरिष्ठ साहेबांशी बोलले. साहेबांनी एकही फाटा फोडला नाही, फक्त तलाव उतरवायला सुरुवात करा, खालच्या गावांना मी कळवतो, माणसं पाठवतो, असं सांगितलं. तळाची दारं उघडली, पण सगळी एकदम नाही. बांधाचा आतला उतार पाण्याने जड झालेला असतो, आधाराचं पाणी झटकन काढून घेतलं तर तोच घसरायचा. ताईने चारही घरांतल्या बायकामुलांना टेकडीवरच्या शाळेत नेलं. जाताना तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला मान फिरवावी लागली. मलाही जायला सांगितलं होतं. मी गेले नाही, कारण पंपघराच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या, आणि खरं सांगायचं तर रागाच्या भरात माझ्या लक्षातच आलं नाही.

मी वळले तर चौकीदार डोक्यावर चिकणमातीची पाटी घेऊन धावत येत होता. बांधलेलं सामान दारात तसंच टाकून आला होता. त्याच्यामागे आणखी दोघे. भोक बुजवायचं, दुसरं काय सुचणार?

"नाही," दाजी आडवे आले. "बुजवायचं नाही."

चौकीदार थांबला. आठवडाभर ज्यांनी त्याला खोटं ठरवलं तेच आता समोर हात पसरून उभे. मला वाटलं हा पाटी यांच्या डोक्यावरच रिकामी करणार.

"हे तोंड बंद केलं तर पाणी थांबणार नाही," दाजी म्हणाले. "आत दाब चढेल आणि दुसरीकडून फुटेल, कदाचित आपल्याला दिसणारही नाही अशा जागी. पाण्याला येऊ द्यायचं. मातीला नाही."

चौकीदाराने पाटी खाली ठेवली. "मग काय आणू?"

पोत्यांत वाळू भरली. भोकाभोवती पोत्यांचं गोल कुंपण रचलं, विहिरीच्या कठड्यासारखं. आत पाणी चढायला लागलं. जेवढं ते चढलं तेवढा खालचा उसळता जोर कमी झाला. मग आत आधी जाडसर वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी, वर दगड. हा क्रम चुकवायचा नाही. वाळू बांधाच्या कणांना धरते, बारीक खडी वाळूला धरते, आणि पाणी मात्र सगळ्यांमधून निघून जातं. चौकीदार आणि दाजी एकाच पोत्याची दोन टोकं धरून उचलत होते, नजर मात्र पोत्यावर.

कठड्यावरून बाहेर वाहणारं पाणी अजून गढूळ होतं. दाजी मधेच उठले आणि दगडी भिंतीच्या पायथ्याकडे गेले. मी मागोमाग गेले. ते गुडघ्यावर बसले आणि झुडपं बाजूला केली. खडीच्या चरीतून हौदाकडे येणारे जाड नळ तिथे असायचे. नळांची तोंडं दिसत नव्हती. त्यांच्या जागी सिमेंटचा सुबक गिलावा होता, कडा थापीने घासून गुळगुळीत केलेल्या. दोनच नळ तेवढे शिल्लक राहिले होते, गवतात लपल्यामुळे.

अशी कड एकाच हाताची असते. दाजींनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि मिस्त्रींना घेऊन यायला सांगितलं.

मिस्त्रींना कुणीतरी मोटारसायकलवर बसवून आणलं. त्यांनी लपवलं काहीच नाही. उलट त्यांना वाटलं काम आवडलं. "सांधे भरून झाले, खाली बघतो तर नळ गळतायत," ते म्हणाले. "साहेबांची पाहणी आहे म्हणालास. गळकं काम माझ्या हातून तसं सुटत नाही. सिमेंट उरलं होतं, बंद करून टाकलं. मजुरी वेगळी मागितली नाही."

उभं आयुष्य गळती थांबवण्यात गेलेल्या कारागिराला, ही गळती थांबवायची नव्हती, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि वर्षानुवर्षं दुधापासून देवघरातल्या घड्याळापर्यंत सगळं तपासणाऱ्या दाजींनी मिस्त्रींचं काम झाल्यावर पायथ्याशी जाऊन पाहिलं नव्हतं. एका माणसाला 'कुठून' असं विचारायचं राहिलं होतं, आणि ते पाणी भिंतीखाली कोंडून, वाट न मिळाल्याने सरकत सरकत, दगड आणि माती जिथे एकमेकांना टेकतात त्या कच्च्या सांध्याकडे गेलं होतं.

ते नळ कशासाठी होते हे दाजींनी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी पहार मागितली आणि आपलाच गिलावा स्वतःच्या हाताने फोडायला घेतला. आम्ही कुणी त्यांच्या हातातून ती घेतली नाही. पहिला नळ मोकळा झाला तेव्हा पाणी जोरात उसळून बाहेर आलं, आधी सिमेंटच्या भुग्याने पांढरट, मग स्वच्छ. शेवटचा नळ मोकळा झाला तेव्हा खाच पुन्हा भरून वाहत होती. तलावही हळूहळू उतरत होता. ऊन कलायच्या सुमारास पोत्यांच्या कठड्यातलं पाणी नितळ झालं, आणि तरीही दाजी तिथून हलायला तयार नव्हते.

पुढे त्या जागेची नीट खोदाई झाली, बांधाच्या पायथ्याला वाळूखडीची कायमची गाळण घातली, वरिष्ठ साहेब स्वतः उभे राहिले. बांध वाचला. बदलीचा आदेश दाजींनी मागे घेतला, आणि ताईने सांगायच्या आत स्वतः चौकीदाराच्या घरी गेले. मी सोबत होते, ते एकटे गेले असते तर दारातूनच परत आले असते. सामानाच्या गाठोड्यांच्या गाठी अजून सोडल्या नव्हत्या. चौकीदाराची बायको उठून आत गेली.

"माझं चुकलं," दाजी म्हणाले.

चौकीदाराने एक गाठोडं पायाने बाजूला सारलं. मग म्हणाला, "साहेब, एक विचारू? मी खोटा निघावा असं तुम्हाला वाटत होतं ना?"

मी दाजींकडे पाहिलं. नाही म्हणायला सोपं होतं.

"हो," ते म्हणाले. "तुम्ही खोटे निघाला असता तर बांध शाबूत होता."

"आणि मिस्त्रींना का नाही विचारलंत?"

मी सोबत आणलेला किल्ल्यांचा जुडगा दाजींनी त्याच्यापुढे ठेवला. चौकीदाराने किल्ल्या घेतल्या, दुसऱ्या दिवशी कामावर आला. आजही आहे. कामात कसूर नाही, सकाळी खाचेपाशी सगळ्यांच्या आधी पोचतो, पत्र्यावरचं शेवाळ घासून काढतो, गवत कापतो. दाजी बांध उतरून येतात आणि विचारतात, "किती?"

तो आकडा सांगत नाही. कधीच नाही. बाजूला सरकतो, जागा करून देतो आणि म्हणतो, "तुम्हीच बघा, साहेब."

दाजींचे गुडघे आता दुखतात. ते एक हात हौदाच्या काठावर टेकवून हळूहळू खाली बसतात आणि बघतात. चौकीदार त्यांना हात देत नाही, आणि ते मागतही नाहीत.